पाठवणी आधी का जाते?

मावसबहिणीचं लग्न २००७ साली रत्नागिरीत झालं. त्याची डीव्हीडी मागच्या दिवाळीत लॅपटॉपला लावली, तर मंगलाष्टका, सप्तपदी, जेवणाच्या पंगती सगळं व्यवस्थित दिसलं. पाठवणीला मात्र चित्राचे चौकोन झाले आणि मग ते थिजलंच. फाइल कॉपी करायला गेले तर `VTS_01_4.VOB` वर संगणक अडून बसला. मावशी म्हणाली, "अगं, गेल्या वर्षी तर चांगली चालत होती!"

खरं तर गेल्या वर्षीही ती बिघडलेलीच असणार. बर्न केलेल्या डीव्हीडीत दोन पातळ प्लास्टिकच्या चकत्या गोंदाने चिकटवलेल्या असतात आणि मध्ये सेंद्रिय रंगाचा थर व चांदीसारखा परावर्तक थर असतो. रायटरचा लेझर त्या रंगाला ठिकठिकाणी भाजतो. ते डाग म्हणजेच आपली माहिती. पुढे ऊन, उष्णता आणि दमटपणा यांनी रंग हळूहळू बदलत राहतो, कडेने ओलावा आत शिरतो, गोंद सुटू लागतो. डीव्हीडीवर लेखन आतून बाहेर होतं आणि बिघाड बहुतेक वेळा बाहेरच्या कडेकडून सुरू होतो. म्हणून काठोकाठ भरलेल्या लग्नाच्या डीव्हीडीत सप्तपदी टिकते आणि पाठवणी आधी जाते.

मग हे आधी कळत का नाही? माहिती लिहिताना तिच्यासोबत गणिती जोड लिहिलेली असते. काही अक्षरं पुसली गेली तरी ड्राइव्ह ती जोड वापरून मूळ मजकूर परत काढतो, आणि आपल्याला त्याचा पत्ताही लागत नाही. डीव्हीडीच्या मोजणीत सलग आठ ठोकळ्यांमध्ये २८०पेक्षा जास्त चुकीच्या ओळी सापडल्या, की चकतीचं आयुष्य संपलं असं धरतात. त्या रेषेखाली, २० चुका असोत की २००, पडद्यावरचा सिनेमा सारखाच दिसतो. हा आकडा सांगणारे ड्राइव्ह थोडेच. पण कानाला एक खूण मिळते: कडेजवळचा भाग वाचताना ड्राइव्ह वेग कमी-जास्त करतो आणि पुन्हा पुन्हा तिथेच घुटमळतो. हे ऐकू आलं तर त्याच दिवशी कॉपी काढावी.

आता खोक्यावरच्या "१०० वर्षं" किंवा "१००० वर्षं" या आकड्यांकडे वळू. शंभर वर्षं वाट पाहून कोणी ते मोजलेले नाहीत. चकत्या भट्टीत ठेवतात, उदाहरणार्थ ८५ अंश सेल्सियस आणि ८५ टक्के आर्द्रतेत, आणि चुका त्या रेषेपर्यंत यायला किती तास लागतात ते पाहतात. असंच वेगवेगळ्या तापमानांना करून मिळालेली रेघ घरातल्या २५ अंशांपर्यंत मागे ओढायची, हा त्यातला डाव.

या मागे ओढण्यात किती फरक पडतो ते एका कल्पित उदाहरणाने पाहा. समजा चकती भट्टीत १००० तास, म्हणजे साधारण ४२ दिवस टिकली. ८५ पासून २५ पर्यंत दहा-दहा अंशांच्या सहा पायऱ्या आहेत. प्रत्येक पायरीला आयुष्य दुप्पट होतं असं धरलं तर ६४ पट, म्हणजे सुमारे ७ वर्षं येतात. तिप्पट धरलं तर ७२९ पट, म्हणजे सुमारे ८३ वर्षं. भट्टी तीच, चकती तीच. म्हणूनच अनेक तापमानांचे प्रयोग करून हा पट नीट काढावा लागतो, आणि त्यातली छोटी चूकसुद्धा दशकांनी बोलते. शिवाय छापलेला आकडा किती चकत्यांना लागू आहे हेही विचारायला हवं. निम्म्या चकत्या जगतील तो काळ आणि शंभरातल्या ९५ जगतील तो काळ यांत मोठं अंतर असतं, आणि आपल्या कपाटातली चकती तर एकच आहे.

आंतरराष्ट्रीय मानकात अंदाज दोन परिस्थितींसाठी काढलेला असतो. एक २५ अंश व ५० टक्के आर्द्रता, दुसरी "कठोर", ३० अंश व ८० टक्के. रत्नागिरीतल्या जुलैची खोली बघितली तर आपण कोणत्या रकान्यात राहतो हे सांगायला नको. कॅनडाच्या जतनसंस्थेने साध्या डीव्हीडी-आरचा अंदाज १० ते २० वर्षं दिलाय, तर सोन्याचा परावर्तक थर आणि थॅलोसायनिन रंग असलेल्या सीडी-आरचा १००हून जास्त. तोही चांगल्या साठवणीतला.

"आर्काइव्हल" म्हणून विकली जाणारी एम-डिस्क रंगाऐवजी दगडासारख्या अजैविक थरात खड्डे पाडते. अमेरिकी नौदलाच्या चायना लेक इथल्या चाचणीत उष्णता, दमटपणा आणि प्रकाश यांच्या माऱ्यात ती टिकली, साध्या डीव्हीडी टिकल्या नाहीत. उलट फ्रान्सच्या राष्ट्रीय मापन प्रयोगशाळेने ९० अंश आणि ८५ टक्क्यांत तपासलं, तेव्हा साध्या डीव्हीडीपेक्षा तिचं आयुष्य जास्त निघालं नाही. मला यात विसंगती वाटत नाही. थर दगडाचा असला तरी भोवतीचं प्लास्टिक आणि गोंद नेहमीचेच. प्रकाशाचा मारा रंगाला मारतो, दगडाला नाही. पण वाफाळत्या भट्टीत गोंद आणि प्लास्टिक हेही हार मानू शकतात.

ब्ल्यू-रेची गोष्ट थोडी वेगळी. बहुतेक साध्या बीडी-आर चकत्यांमध्ये थर मुळातच अजैविक असतो. फक्त वेष्टनावर "एलटीएच" लिहिलेल्या चकतीत सेंद्रिय रंग असतो, ती टाळावी. त्यामुळे ब्ल्यू-रेमध्ये "आर्काइव्हल"साठी भरलेल्या जास्त पैशांतून किती मिळतं, याबद्दल मी साशंक आहे. खरी अडचण वेगळीच: नव्या लॅपटॉपला ड्राइव्हच नाही, आणि सोनीनेही फेब्रुवारी २०२५ मध्ये रेकॉर्ड करण्याच्या ब्ल्यू-रे चकत्यांचं उत्पादन थांबवलं. चकती टिकली तरी वाचायला यंत्र हवं.

घरच्या कागदपत्रांसाठी मग काय? फोनमधले व्हिडिओ चकतीवर टाकण्यात अर्थ नाही, एका सुट्टीत २५ जीबी भरतील. सातबारा तर शासनाच्या संकेतस्थळावरून परत काढता येतो. पण पणजोबांचे मोडीतले खरेदीखत, आजीच्या हस्ताक्षरातली वही, जुने फोटो, हे पुन्हा न मिळणारं आणि न बदलणारं असतं. ते स्कॅन केल्यावर बहुधा एका २५ जीबी चकतीत मावतं. शिवाय एकदा लिहिलेलं चुकून पुसलं जात नाही, व्हायरसलाही ते बदलता येत नाही. हार्ड डिस्क मुख्य, चकती तिसरी प्रत: मी एवढीच जागा तिला देते.

मावसबहिणीच्या डीव्हीडीसाठी लिनक्सवर हे चालवलं:

```
ddrescue -b 2048 -n /dev/sr0 lagna.iso lagna.map
ddrescue -b 2048 -d -r3 /dev/sr0 lagna.iso lagna.map
```

पहिली ओळ सोपा भाग पटकन उतरवून घेते, दुसरी अडलेल्या जागी तीनदा प्रयत्न करते. कुठे अडलं ते `lagna.map` मध्ये राहतं, त्यामुळे तीच दुसरी ओळ वेगळ्या ड्राइव्हवरही पुढे चालवता येते. एका ड्राइव्हला न दिसलेलं दुसऱ्याला दिसतं, हे मी अनेकदा पाहिलंय. पहिल्या ड्राइव्हने साठेक एमबी सोडले होते. शेजाऱ्यांच्या जुन्या डेस्कटॉपवर उरले ११ एमबी, म्हणजे पाठवणीतले जेमतेम पंधरा सेकंद.

त्यातून दोन बीडी-आर लिहिल्या. एक रत्नागिरीत, एक पुण्यात भावाकडे, दोन्ही उभ्या डबीत, अंधाऱ्या कपाटात. वर चिकट लेबल नाही, फक्त मधल्या पारदर्शक कड्यावर पाण्याच्या शाईने साल लिहिलंय. यूएसबी रायटर पुण्याच्या चकतीसोबतच ठेवलाय. लिहून होताच दोन्ही पूर्ण वाचून मूळ फाइलशी ताडून पाहिल्या, कारण रायटरनेच कच्चं लिहिलेलं असेल तर ते पहिल्याच दिवशी सापडतं. आता दर दोन गणपतींनी ही ताडणी करायची असं भावाशी ठरलंय.