दुखण्याचा सात दिवसांचा पॅच: औषध कातडीतून आत जातं कसं

हे पत्रक आमच्या दुकानातून ब्युप्रेनॉर्फिनचा पॅच नेणाऱ्या घरांसाठी आहे, म्हणजे कॅन्सरचं दुखणं, मणक्याचं जुनं दुखणं, अशांना डॉक्टर जो आठवड्याला एक लावायला लिहून देतात तो. काउंटरवर गर्दीत सगळं नीट सांगता येत नाही आणि घरी गेल्यावर पॅच लावणारी व्यक्ती बहुतेक वेळा वेगळीच असते, सूनबाई नाहीतर नातू, म्हणून लिहूनच देतोय.

पहिलं सांगायचं म्हणजे हा पॅच दुखतं तिथं लावायचा नाही. गुडघ्याला, कमरेला चिकटवायची ती साधी पट्टी वेगळी, तिचं औषध तिथल्या तिथं काम करतं. ह्या पॅचचं औषध रक्तात जातं आणि मेंदूपर्यंत पोचून दुखणं कमी करतं, त्यामुळं तो दंडाच्या बाहेरच्या बाजूला, छातीवर वर किंवा पाठीवर वरच्या भागात लावायचा. गुडघ्यावर लावला तर वाकताना कडा सुटतात आणि जेवढी कडा सुटली तेवढं औषध कमी जातं, बाकी काही नाही.

आता आत जातं कसं. कातडीचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या चपट्या पेशींचा असतो, पंधरा-वीस पदर एकावर एक, पण सगळे मिळून जाडी 10 ते 20 मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदापेक्षाही बरीच कमी. आणि खरा अडसर हाच आहे, कारण त्या पेशींच्या मधल्या फटी स्निग्ध पदार्थांनी भरलेल्या असतात, पाण्यात विरघळणारं औषध तिथं अडकतं. स्निग्ध पदार्थात विरघळणारं औषध त्या फटींतून वाकडंतिकडं वळत खाली सरकतं, मग जिवंत पेशींचा थर लागतो, तिथं मात्र पाणी जास्त, आणि त्याच्याखाली बारीक रक्तवाहिन्या, तिथून ते रक्तात जातं.

बघा, पाच मायक्रोग्रॅमचा पॅच म्हणजे तासाला 5 मायक्रोग्रॅम औषध आत सोडणारा. दिवसाला 120, सात दिवसांत 840 मायक्रोग्रॅम, म्हणजे एक मिलिग्रॅमसुद्धा नाही. पण पॅचमध्ये औषध भरलेलं असतं 5 मिलिग्रॅम! बरेच जण विचारतात की एवढं जास्त कशाला घालतात, वाया नाही का जात. वाया जात नाही, त्याच्यामुळंच वेग सारखा राहतो. औषध जिथं दाट तिथून जिथं पातळ तिकडं सरकतं, आणि किती वेगानं ते दोन्हीकडच्या फरकावर ठरतं. गच्चीवरची टाकी भरलेली असली की खालच्या नळाची धार दिवसभर एकसारखी लागते, टाकी तळाला गेली की धार बारीक होते, तसंच हे. सात दिवसांनी पॅच काढता तेव्हा आत चार मिलिग्रॅमहून जास्त औषध उरलेलं असतं आणि म्हणूनच शेवटच्या दिवशीही धार जवळपास पहिल्यासारखीच मिळते.

याचा घरात थेट परिणाम असा की काढलेला पॅच म्हणजे संपलेला पॅच नव्हे. तो चिकट बाजू आत करून मधे दुमडा, जुन्या पाकिटात घाला आणि लहान मुलाच्या किंवा कुत्र्याच्या हाती-तोंडी लागणार नाही असा टाका, उघडा कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. लहान मुलानं तो उचलून अंगाला चिकटवला किंवा तोंडात घातला तर श्वास मंदावून जीवावर बेतू शकतं, त्यामुळं हे काम म्हाताऱ्या माणसावर सोडू नका, घरातल्या धडधाकट माणसानं करा. आणि पॅच कापायचा नाही. डोस कमी हवा असेल तर डॉक्टर कमी ताकदीचा लिहून देतात.

सगळ्यात जास्त फोन येतात ते पहिल्या आठवड्यात. समजा आजींना सोमवारी सकाळी आठला पहिला पॅच लावला. मंगळवारी रात्री आजी म्हणतात काहीच फरक नाही, आणि घरातल्यांना वाटतं दुसरा एक लावूया. लावू नका!! हे औषध स्निग्ध पदार्थात इतकं मुरणारं आहे की आधी ते कातडीच्या वरच्या थरातच साठत जातं, मग रक्तात हळूहळू चढतं. पूर्ण परिणाम कळायला तीन दिवस जातात, म्हणजे गुरुवार सकाळपर्यंत थांबायचं, तोवर डॉक्टरांनी दिलेल्या दुसऱ्या गोळ्या चालू ठेवायच्या. उलटंही तसंच, पॅच काढला तरी कातडीत साठलेलं औषध जात राहतं आणि रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण 12 तास, कधी त्याहून जास्त लागतात.

दुसरा मोठा प्रश्न उष्णता. पॅचवर गरम पाण्याची पिशवी, विजेची शेकपट्टी किंवा कडक ऊन आलं तर कातडीतून औषध जास्त वेगानं सरकतं आणि तिथलं रक्ताभिसरणही वाढतं, दोन्हीमुळं डोस अचानक चढतो. आपल्याकडं पावसाळ्यात, थंडीत बंबाचं कढत पाणी अंगावर घ्यायची सवय असते, तर आंघोळ कोमट पाण्यानं करा, पॅच भिजला तरी चालतो. ताप आला तरी तसंच होतं, डॉक्टरांना लगेच कळवा. झोपेची गोळी आणि दारू ह्या पॅचबरोबर अजिबात नको.

जास्त झालं हे ओळखायचं कसं, तर माणूस हाक मारून नीट जागा होत नाही, बोलता बोलता डोळे मिटतो, श्वास हळू आणि उथळ होतो. असं दिसलं तर पॅच काढा आणि लगेच दवाखान्यात न्या, पॅच काढला म्हणजे झालं असं समजून घरी थांबू नका, कारण वर सांगितलं तसं कातडीतला साठा अजून चालूच असतो.

लावताना जागा नुसत्या पाण्यानं धुवून कोरडी करा, साबण-तेल-क्रीम नको, केस असतील तर कात्रीनं कापा, वस्तरा फिरवू नका, खरचटलेल्या कातडीतून औषध जास्त जातं. चिकटवून तळहातानं अर्धा मिनिट दाबा. पुढचा पॅच दुसऱ्या जागी, आणि पहिली जागा तीन-चार आठवडे मोकळी ठेवा.

बरेच जण विचारतात की मग शुगरचा पॅच, तापाचा पॅच का नाही. हे ब्युप्रेनॉर्फिन इतकं तीव्र की आठवड्याला 0.84 मिलिग्रॅम पुरतं, आणि पॅरासिटामॉलची एक गोळीच 500 मिलिग्रॅमची. एवढं औषध हाताएवढ्या पट्टीतून जाणारच नाही, कातडीतून दिवसाला साधारण काही मिलिग्रॅम, फार तर दहा-वीसच जातात. इन्सुलिनचं वेगळं कारण, त्याचा रेणू मोठा. कातडीतून जायला रेणूचं वजन साधारण 500 च्या आत हवं, इन्सुलिनचं 5800 च्या आसपास, तर ब्युप्रेनॉर्फिनचं 468, म्हणजे हेही काठावरच. निकोटिनचं 162, छातीच्या दुखण्यावरच्या नायट्रोग्लिसरिनचं 227, विसराळूपणावरच्या रिव्हास्टिग्मिनचं 250, ही छोटी आहेत, डोसही थोडा लागतो, त्यामुळं त्यांचे पॅच निघाले. शिवाय ब्युप्रेनॉर्फिन गिळलं तर लिव्हर रक्तात पोचायच्या आधीच बहुतेक मोडून टाकतं, पॅच ती वाट टाळतो. रिव्हास्टिग्मिनच्या बाबतीत पॅचमुळं कॅप्सूलपेक्षा मळमळ-उलटी कमी होते, ज्यांना कॅप्सूल सोसत नाही त्यांनी डॉक्टरांना हे विचारून बघावं.