क्राफ्टचा बॉक्स करून घेण्याआधी: कागद, छपाई आणि त्यावरचा मजकूर

गूळ, कोकम, मसाले, हातसाबण असा माल करणारे आमचे बरेच ग्राहक आता तपकिरी क्राफ्टचा बॉक्स मागतात. रेषा दिसणारा खरबरीत कागद आणि त्यावर मातकट रंगातली एक-दोन रंगांची छपाई आम्हालाही मनापासून आवडते. ऑर्डर देण्याआधी हा कागद कशाचा असतो, त्यावर शाई कशी बसते आणि बॉक्सवर कोणता दावा छापता येतो, हे तुमच्या हाताशी असावे म्हणून हे पत्रक.

कागद कशाचा असतो

लाकडाचे तुकडे कॉस्टिक सोडा आणि सोडियम सल्फाइडच्या द्रावणात दाबाखाली शिजवले की लाकूड बांधून ठेवणारे लिग्निन विरघळते आणि लांब, चिवट तंतू उरतात. थोडे लिग्निन तंतूंना चिकटून राहते आणि त्याचाच तो तपकिरी रंग. ही रीत १८७९ मध्ये कार्ल डाल या जर्मन रसायनतज्ज्ञाने काढली.

आपल्याकडे मिळणारा बहुतेक क्राफ्ट मात्र थेट लाकडापासून होत नाही. तो जुन्या खोक्यांच्या रद्दीपासून होतो, काही गिरण्या उसाचे चिपाडही वापरतात. रद्दीच्या लगद्याचा रंग दर वेळी वेगळा येतो, म्हणून बऱ्याच गिरण्या त्यात रंग घालून एकसारखी सोनेरी शेड आणतात. कागद किती तपकिरी आहे यावरून तो किती नैसर्गिक आहे हे ठरवता येत नाही, हे आम्ही प्रत्येक ग्राहकाला सांगतो.

बाजारात आणखी एक प्रकार आहे. साध्या डुप्लेक्स बोर्डावर तपकिरी रंग आणि तंतूंच्या रेषा छापलेल्या असतात. लांबून फरक कळत नाही. नमुन्याचा कोपरा फाडून पाहा. आत पांढरा किंवा राखाडी थर दिसला तर तो पोत छापलेला आहे. खरा क्राफ्ट आतपर्यंत तपकिरी असतो. फाटलेल्या कडेला लांब केसाळ तंतू निघाले तर कागद चिवट आहे, कड सरळ तुटली तर तंतू आखूड आहेत. प्रत्येक पुनर्वापरात तंतू आखूड होत जातात, म्हणून रद्दीचा क्राफ्ट घडीवर लवकर फुटू शकतो. जड मालासाठी आम्ही लांब तंतू मिसळलेला कागद सुचवतो, तो थोडा महाग पडतो.

तपकिरीवर रंग कसा दिसतो

नेहमीची ऑफसेटची शाई पारदर्शक असते. पांढऱ्या कागदावर तिच्याखाली पांढरे असते, इथे तपकिरी असते. त्यामुळे पिवळा जवळजवळ दिसेनासा होतो, फिकट निळा हिरवट वाटतो आणि माणसाच्या चेहऱ्याचा फोटो मळकट येतो. काळा, गडद कॉफी, विटकरी, बाटलीचा हिरवा आणि निळीचा गडद निळा हे रंग मात्र छान उठतात. पांढरा हवाच असेल तर तो स्क्रीन प्रिंटिंगने दाट छापावा लागतो, कधी दोन हात द्यावे लागतात, आणि खर्च वाढतो.

कागद शाई शोषतो, त्यामुळे अक्षर फुगते. सहा पॉइंटपेक्षा लहान मजकूर आणि केसासारख्या बारीक रेषा आम्ही टाळायला सांगतो. गडद पट्ट्यात कोरी सोडलेली अक्षरे आठ पॉइंटच्या खाली गेली की बुजतात.

मातकट रंगांच्या हौसेत दोन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली बारकोड. दुकानातले बरेच स्कॅनर लाल प्रकाशाने वाचतात, आणि त्या प्रकाशात विटकरी किंवा तपकिरी रेषा कागदाइतक्याच फिक्या दिसतात. म्हणून बारकोड काळ्यातच छापावा, आणि गठ्ठा निघण्याआधी तो स्कॅन करून पाहावा. दुसरी गोष्ट शाकाहारी चिन्ह. तपकिरीवर तो हिरवा ठिपका काळपट दिसतो, म्हणून आम्ही त्याखाली पांढरा चौकोन देतो किंवा ते चिन्ह वेगळ्या पांढऱ्या लेबलवर घेतो.

नमुना नेहमी त्याच कागदावर पाहा. संगणकाच्या पडद्यावरचे आणि चकचकीत आर्ट पेपरवरचे प्रूफ इथे कामाचे नाही.

एक उदाहरण: गुळाच्या ढेपांचा बॉक्स

कोल्हापूर भागातल्या एका गूळ उत्पादकाला अर्ध्या किलोचा क्राफ्ट बॉक्स हवा होता. त्यांनी आणलेल्या मजकुरात 'शंभर टक्के इको-फ्रेंडली', 'प्लास्टिकमुक्त', 'बायोडिग्रेडेबल', 'सोया इंकने छापलेले' आणि एक हिरवे पान होते.

गूळ हवेतला ओलावा ओढून घेतो. पावसाळ्यात नुसत्या कागदात ठेवलेला गूळ पाझरतो आणि बॉक्स मऊ पडतो. शिवाय रद्दीच्या कागदात जुन्या छपाईच्या शाईतली खनिज तेले थोडी राहू शकतात, म्हणून असा कागद खाण्याच्या मालाला थेट लागू नये. त्यामुळे आत एलडीपीई प्लास्टिकची पिशवी घ्यावीच लागली, आणि 'प्लास्टिकमुक्त' हा शब्द तिथेच गेला.

बाकीच्या शब्दांकडे आम्ही ग्राहकाबरोबर बसून पाहिले. ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक सूचना काढल्या. 'इको-फ्रेंडली', 'ग्रीन', 'नैसर्गिक' असे मोघम शब्द पुरेसा खुलासा आणि पुरावा असल्याशिवाय वापरू नयेत, आणि दावा मालाबद्दल आहे की पॅकिंगबद्दल हे स्पष्ट करावे, असे त्यात आहे. 'बायोडिग्रेडेबल'साठी विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा किंवा प्रमाणपत्र लागते. बॉक्स जमिनीत कुजेल असे वाटते, पण छापलेला, गोंद लावलेला बॉक्स कुठल्या परिस्थितीत किती दिवसांत कुजेल याची चाचणी आमच्याकडे नव्हती. सोया इंकबद्दलही नीट सांगायला हवे. तिच्यात तेलाचा काही भाग सोयाबीनचा असतो, रंगद्रव्य नेहमीचेच असते. आणि त्या बॉक्सची शाई सोयाची नव्हतीही.

शेवटी बॉक्सवर असा मजकूर गेला: 'हा बॉक्स जुन्या कागदाच्या लगद्यापासून बनवलेल्या कागदाचा आहे. आतली पिशवी प्लास्टिकची आहे. दोन्ही वेगळे करून रद्दीत व सुक्या कचऱ्यात द्या.' पहिले वाक्य छापण्याआधी गिरणीकडून त्या गठ्ठ्याचे पत्र घेतले. हिरवे पान काढून तिथे विटकरी रंगात उसाच्या कांड्याचे रेखाचित्र घेतले. विकत घेणाऱ्याला त्या तीन वाक्यांतून खरोखर उपयोगाची माहिती मिळते, आणि बॉक्स तितकाच देखणा दिसतो.

दोन खुलासे

क्राफ्टचे उभे पाऊच वेगळी गोष्ट आहे. बाहेर कागद आणि आत चिकटवलेली प्लास्टिकची किंवा चकाकणारी फिल्म असते आणि हाताने ते सुटे होत नाहीत. रद्दीवाला ते कागदात घेत नाही. म्हणून अशा पाऊचवर 'कागदी पॅकिंग' एवढेच शब्द आम्ही छापत नाही, 'कागद आणि प्लास्टिक' असे छापतो.

कागद जबाबदार स्रोतातून आल्याचे सांगणारे एफएससीचे चिन्हही मागितले जाते. प्रमाणित कागद विकत घेतला म्हणून ते छापता येत नाही. कागद ज्यांच्या हातून जातो त्या छपाईदारासकट सगळ्यांचे साखळी-प्रमाणपत्र लागते. आमच्याकडे ते नाही, त्यामुळे ते चिन्ह आम्ही लावत नाही.

ऑर्डर देताना

माल सोबत आणा, भरलेला. वजन, तेलकटपणा आणि तो किती महिने दुकानात राहणार आहे हे सांगा. तयार बॉक्स सपाट गठ्ठ्यातच ठेवा, जमिनीला आणि भिंतीला न टेकवता, विशेषतः कोकणात आणि जून ते सप्टेंबरमध्ये. पुढच्या गठ्ठ्याची शेड थोडी वेगळी येऊ शकते, म्हणून मंजूर केलेला एक बॉक्स तुमच्याकडे आणि एक आमच्याकडे सही करून ठेवतो. मजकुरात पर्यावरणाविषयी काही लिहायचे असेल तर त्याचा कागदी पुरावाही त्याच दिवशी द्या, म्हणजे प्लेट बनवण्याआधी तो पाहता येईल.