वर्कबेंचचे पाय, आडपट्ट्या आणि माथा : बळकटीचा भार कुठून कुठे गेला

सुताराच्या वर्कबेंचवर उभे वजन फारसे पडत नाही आणि पडले तरी चार साधे पाय ते सहज पेलतात. बेंचची खरी परीक्षा होते ती आडव्या रेट्याने. लांब रंधा मारताना सुतार आपले अंग पुढे झोकतो, तो रेटा माथ्याच्या उंचीवर लागतो, पाय मात्र जमिनीला टेकलेले असतात, आणि त्यामुळे आयताकृती सांगाडा तिरपा होऊन समांतरभुज चौकोनासारखा दिसू पाहतो. ही डगमग थोपवण्याची ताकद बेंचच्या कोणत्या भागात ठेवायची, या एका प्रश्नाची निरनिराळी उत्तरे म्हणजेच बेंचच्या बांधणीचा इतिहास आहे. आज बाजारात मिळणाऱ्या साध्या चिराऊ लाकडातून बेंच बांधताना जे सांधे घातले जातात, त्यांची कारणे या इतिहासात सापडतात.

जर्मनीतील झालबुर्ग येथील रोमन किल्ल्याच्या विहिरीत एक जुना बेंच सापडला. त्याची रचना अगदी थोडक्यात सांगता येते : एक जाड फळी आणि खालून भोके पाडून त्यांत ठोकलेले, बाहेरच्या बाजूला कललेले पाय. पायांना जोडणारी एकही आडपट्टी नाही. इ. स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या हर्क्युलेनियम शहरातील एका भित्तिचित्रातही असाच साध्या पायांचा बेंच दिसतो. या बांधणीत पायाचे टोक निमुळते असते, त्यामुळे वरून भार आला की ते भोकात आणखी घट्ट बसते. हे बेंच बुटके होते. कारागिराला त्यावर बसून किंवा गुडघा टेकून काम करता येत असे आणि त्याचे स्वतःचे वजनच बेंचला जागेवर धरून ठेवी. मर्यादाही उघड आहे. पाय तिरपा होऊ नये म्हणून जो काही विरोध मिळतो, तो फक्त फळीच्या जाडीएवढ्या भोकातून मिळतो. फळी पातळ असेल किंवा बेंच कमरेएवढा उंच केला, तर ते भोक हळूहळू अंडाकृती होते आणि पाय खुळखुळू लागतात.

उभ्याने काम करण्याचे बेंच रूढ झाले तेव्हा हा प्रश्न टाळणे शक्य नव्हते. त्याचे सर्वांत तपशीलवार उत्तर पॅरिसचे सुतार आंद्रे-जाकोब रूबो यांनी १७६९ ते १७७५ या काळात प्रसिद्ध केलेल्या सुतारकामावरील ग्रंथात सापडते. त्यांच्या बेंचचा माथा एल्म किंवा बीचच्या एका सलग ओंडक्यातून काढलेला, पाच ते सहा फ्रेंच इंच, म्हणजे सुमारे १३५ ते १६० मिलिमीटर जाडीचा आहे. पायाच्या वरच्या टोकाला खाचेत बसणारी दोन अरुंद टोके, म्हणजे कुसू, आहेत, मागचे साधे चौकोनी आणि पुढचे डव्हटेलच्या, म्हणजे पारव्याच्या पसरलेल्या शेपटीसारख्या, आकाराचे. दोन्ही कुसू माथ्याच्या आरपार जाऊन वरच्या पृष्ठभागापर्यंत येतात. पायाची पुढची बाजू माथ्याच्या कडेशी एका पातळीत ठेवली आहे, जेणेकरून उभी धरलेली फळी माथ्याला आणि पायाला एकाच वेळी टेकवून बांधता यावी. खाली आडपट्ट्या आहेत, पण डगमग रोखण्याचे मुख्य काम माथ्याची जाडी आणि त्यात खोल रुतलेला हा दुहेरी सांधाच करतो. दीडशे मिलिमीटर खोल सांध्यात पाय फिरायला जागाच उरत नाही. इतका मोठा, वाळलेला, न चिरलेला ओंडका मिळाला, तर माझ्या मते आजही याहून चांगला बेंच नाही. फक्त तो ओंडका मिळणे ही अट लहान नव्हे.

ज्यांना तो मिळत नव्हता त्यांनी बळकटी दुसरीकडे नेली. स्कॉटिश लेखक आणि सुतार पीटर निकल्सन यांनी १८१२ मध्ये वर्णन केलेल्या इंग्रजी बेंचचा माथा पातळ फळ्यांचा आहे. त्याच्या पुढच्या बाजूला उभी लावलेली रुंद फळी मात्र पायांना भक्कम जोडलेली आहे. रेटा लांबीच्या दिशेने आला की ही फळी तुळईसारखे काम करते. सांध्याची जी खोली रूबोंना माथ्याच्या जाडीतून मिळाली, ती इथे स्वस्त फळीच्या रुंदीतून मिळाली. याची किंमतही मोजावी लागली, कारण त्या फळीमुळे माथ्याच्या कडेला खालून क्लॅम्प लावता येत नाही.

जर्मन भाषिक प्रदेशांत आणि उत्तर युरोपात तिसरी वाट रुळली. न्यूरेम्बर्गच्या मार्टिन लॉफेलहोल्ट्झ यांच्या १५०५ च्या हस्तलिखितात माथ्याच्या टोकाला लाकूड आवळून धरणारा, स्क्रूवर चालणारा शेगडा असलेला बेंच काढलेला आहे. या परंपरेतील पुढच्या बेंचमध्ये खालचा सांगाडा माथ्यापासून स्वतंत्र होत गेला. दोन्ही टोकांना दोन चौकटी, त्यांना जोडणाऱ्या लांब आडपट्ट्या, त्यांना पाचर किंवा बोल्ट, आणि या सगळ्यावर स्वतःच्या वजनाने बसलेला माथा. इथे डगमग रोखण्याची जबाबदारी जवळजवळ पूर्णपणे आडपट्टीच्या सांध्यावर आली. त्या मोबदल्यात बेंच सुटा करून हलवता येऊ लागला.

आज ३८ × ८९ मिलिमीटर अशा ठरीव मापात मिळणाऱ्या पाइनसारख्या मऊ लाकडातून बेंच बांधणारा माणूस या तिन्ही उत्तरांची सरमिसळ करतो. एक ठोस उदाहरण घेऊ. १८०० मिलिमीटर लांबीचा माथा हवा असेल, तर अशा सतरा पट्ट्या कडेवर उभ्या करून एकमेकींना चिकटवायच्या. रुंद बाजू रंधून पट्टीची जाडी ३५ मिलिमीटर झाली, तर माथ्याची रुंदी ५९५ मिलिमीटर होते आणि वरून-खालून साफ केल्यावर जाडी सुमारे ८५ मिलिमीटर उरते. ओंडका न मिळताही रूबोंच्या जाडीच्या निम्म्याहून अधिक जाडी अशी हाती येते. फळीचा वाकण्याविरुद्धचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे हा माथा ३८ मिलिमीटरच्या आडव्या फळ्यांपेक्षा सुमारे अकरा पट कडक असतो आणि त्याचे वजनही ४५ किलोच्या आसपास भरते. सतराही पट्ट्या एकदम चिकटवण्याचा मोह टाळावा. शेवटच्या पट्टीपर्यंत पोहोचेतो पहिल्या पट्टीवरचा गोंद सुकू लागतो. पाच-सहा पट्ट्यांचे तीन गठ्ठे करून नंतर ते गठ्ठे जोडणे सोपे जाते.

पायही तीन थरांचे करता येतात आणि यात एक सुरेख सोय आहे. मधला थर वर काढून ठेवला की माथ्यात शिरणारे कुसू आपोआप तयार होते, आणि खाली त्याच थरात आडपट्टीच्या रुंदीएवढी जागा मोकळी सोडली की पटाशी न चालवता खाच मिळते. आरपार खाच पाडण्याचे जे काम जुन्या सुताराला तासन्‌तास पुरे, ते इथे करवतीच्या दोन कापांत होते.

आता आडपट्टी. तिची रुंदी किती असावी, हे एका छोट्या हिशेबातून कळते. समजा आडपट्टी जमिनीपासून १५० मिलिमीटरवर आहे आणि माथा ८५० वर. म्हणजे सांध्यापासून माथ्यापर्यंत ७०० मिलिमीटर. सांध्यात अर्धा मिलिमीटर फट राहिली आणि आडपट्टी ८९ मिलिमीटर रुंद असली, तर माथा जवळजवळ ४ मिलिमीटर हलू शकतो. तीच फट १४० मिलिमीटर रुंदीच्या आडपट्टीत राहिली, तर हालचाल अडीच मिलिमीटरवर येते. माथ्याचा सांधा घट्ट असेल तर प्रत्यक्षात याहून कमी हालेल, पण प्रमाण तेच राहते. म्हणूनच लांब आडपट्ट्यांसाठी रुंद फळी घ्यावी, जाडीत थोडी कमी असली तरी चालेल. निकल्सन यांच्या रुंद फळीमागे हेच तत्त्व होते. इथे ती फक्त खाली उतरली आहे.

ही अर्ध्या मिलिमीटरची फट बहुतेक वेळा सुताराच्या हातून पडत नाही, ती लाकूड वाळताना पडते. बांधकामासाठी विकले जाणारे लाकूड ‘सुके’ म्हणून आले तरी त्यात १९ टक्क्यांपर्यंत ओल असू शकते आणि घरात ती दहाच्या आसपास उतरते. तेवढ्याने पाइनचा शंभर मिलिमीटरचा पाय आडव्या दिशेने दीड-दोन मिलिमीटर आकसतो. माझा पहिला बेंच मी लाकूड आणल्याच्या आठवड्यातच बोल्ट आवळून उभा केला होता. तीन महिन्यांनी रंधा मारताना प्रत्येक फटक्याला टक् असा आवाज येऊ लागला. मला वाटले, माथा सुटला. पायाच्या आणि आडपट्टीच्या सांध्यावर बोट टेकवून दुसऱ्या हाताने माथा ढकलला, तेव्हा बोटाखाली कड उघडताना-मिटताना स्पष्ट जाणवली. नट हाताने फिरत होता. डगमग कुठून येते हे शोधायला बोटाची ही परीक्षा नजरेपेक्षा जास्त भरवशाची आहे.

जुन्या सुतारांनी याच आकसण्यावर खुंटीचा उपाय काढला होता. खाचेच्या दोन्ही भिंतींतून भोक पाडायचे, कुसू आत घालून त्यावर त्या भोकाची खूण करायची, कुसू बाहेर काढायचे आणि त्याचे भोक खुणेपेक्षा दीड-दोन मिलिमीटर खांद्याच्या, म्हणजे कुसू जिथे पट्टीच्या पूर्ण रुंदीला मिळते त्या कडेच्या, बाजूला सरकवून पाडायचे. मग कठीण लाकडाची निमुळती खुंटी ठोकली की ती किंचित वाकत भोकांतून जाते आणि आडपट्टीचा खांदा पायाशी ओढून धरते. गोंद सुटला तरी ही ओढ राहते. आखूड आडपट्ट्यांना ही खुंटी आणि लांब आडपट्ट्यांना १२ मिलिमीटरचे बोल्ट, ही विभागणी मला सर्वांत सोयीची वाटते. टोकाच्या चौकटी कायमच्या बंद होतात आणि लांबीच्या दिशेने, जिथे रेटा जास्त असतो, तिथे पाना लावून पुन्हा आवळता येते.

माथा सपाट करण्याचे काम सगळ्यात शेवटी येते आणि त्याची घाई केली तर ते दोनदा करावे लागते. आधी पायांखाली पातळ पाचरी घालून सांगाडा पूर्ण टेकवावा, नाहीतर सांगाड्याचा पीळच माथ्यात उतरतो. मग माथ्याच्या दोन टोकांना दोन सारख्या उंचीच्या सरळ पट्ट्या आडव्या ठेवून, डोळा खाली नेऊन एकीच्या कडेवरून दुसरीची कड पाहावी. एक टोक वर दिसले की तो कोपरा उंच आहे. रंधा प्रथम आडवा, मग तिरपा आणि शेवटी लांबीने चालवावा. पट्ट्या कडेवर उभ्या चिकटवल्याचा फायदा इथेही मिळतो. बहुतेक पट्ट्यांची वर्षवलये आता माथ्याच्या पृष्ठभागाशी उभी असतात, म्हणून ओल चार टक्क्यांनी बदलली तर सहाशे मिलिमीटरचा माथा रुंदीत सुमारे साडेतीन मिलिमीटर हलतो. आडव्या फळ्यांचा माथा तेवढ्याच बदलात सहा मिलिमीटरपर्यंत हलला असता. तेवढ्या हालचालीसाठी मागच्या पायांच्या खाचा रुंदीच्या दिशेने थोड्या ऐसपैस ठेवाव्यात आणि गोंद फक्त पुढच्या दोन पायांच्या कुसूंना लावावा. पुढची कड मग पायांशी एका पातळीत राहते आणि माथ्याचे सगळे आकसणे-फुगणे मागच्या बाजूला जाते, जिथे फळी टेकवून काम करायचे नसते.