पाच हजारांची एसआयपी, दरवर्षी दहा टक्के वाढ आणि वीस वर्षं

माझा भाचा मिहानमधल्या एका कंपनीत लागून सहाएक महिने झालेत, रविवारी सकाळी तर्री पोहे घेऊन घरी आला आणि खाता खाताच मोबाईलवरचं एसआयपी कॅल्क्युलेटर माझ्यासमोर धरलं. "मामा, हे बघा ना, साधी एसआयपी केली तर पन्नास लाख दाखवून राहिलं आणि हे स्टेप-अप वालं बटण दाबलं की डायरेक्ट एक कोटीच्या जवळ जाऊन राहिलं. दोन्हीकडे सुरुवात पाच हजारानेच आहे, मग एवढा फरक येतो कुठून?"

प्रश्न एकदम बरोबर होता, कारण बहुतेक लोक तो आकडा बघून खूश होतात आणि फॉर्म भरून मोकळे होतात, पण तो आकडा कसा आला हे कळलं तरच आपल्याला ते झेपेल का आणि कुठे चुकू शकतं हे समजतं. म्हणून मग आम्ही दोघं कागद पेन घेऊन बसलो.

आधी साधी एसआयपी, म्हणजे म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेला हप्ता टाकत जाणं. महिन्याला ५,००० रुपये, २० वर्षं, म्हणजे २४० हप्ते, खिशातून गेले १२ लाख. वर्षाला १२ टक्के परतावा धरला (कॅल्क्युलेटर तो महिन्याला १ टक्का असा धरतं) तर शेवटी होतात साधारण ४९.९६ लाख. आता स्टेप-अप. पहिल्या वर्षी महिन्याला ५,०००, दुसऱ्या वर्षी ५,५००, तिसऱ्या वर्षी ६,०५०, असं दरवर्षी दहा टक्क्यांनी वाढवत गेलं तर शेवटी होतात ९९.४४ लाख. हे दोन्ही आकडे खरे आहेत, म्हणजे गणित खरं आहे, १२ टक्के मिळतीलच असं कोणी लिहून देत नाही ते वेगळं.

पण कॅल्क्युलेटरवर एक ओळ खाली बारीक अक्षरात असते ती भाच्याने वाचलीच नव्हती. स्टेप-अपमध्ये खिशातून जातात ३४.३६ लाख. विसाव्या वर्षीचा हप्ता असतो महिन्याला ३०,५८० रुपये. म्हणजे फरकाचे जे साडेएकोणपन्नास लाख आहेत त्यातले २२ लाखांच्या वर तर आपणच जास्तीचे टाकलेत, उरलेले २७ लाख ही त्या जास्तीच्या पैशावरची वाढ. म्हणजे "सुरुवात दोन्हीकडे पाच हजारानेच" हे बरोबर असलं तरी दोन्हीकडे सारखेच पैसे टाकले असं अजिबात नाही. आम्ही उलटं गणित पण करून बघितलं, की शेवटी ९९.४४ लाखच हवे असतील आणि हप्ता वीस वर्षं एकच ठेवायचा असेल तर किती लागेल, तर उत्तर आलं जवळपास ९,९५०. मला वाटतं स्टेप-अप समजून घ्यायला हाच आकडा सगळ्यात चांगला आहे. पाच हजाराने सुरू करून दहा टक्के वाढवत जाणं म्हणजे पहिल्या दिवसापासून दहा हजाराची एसआयपी करण्यासारखंच. ज्याच्याजवळ आज दहा हजार निघत असतील त्याने आजच दहा टाकावे, त्याचे एकूण २४ लाखच जातील. ज्याचे निघत नाहीत, आणि बावीस चोवीस वर्षांच्या पोराचे कुठून निघणार, त्याच्यासाठी स्टेप-अप आहे.

आता खरी गंमत आहे ती आतल्या हालचालीत, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सावकाश सांगतो.

साध्या एसआयपीत पहिल्या वर्षी टाकलेले ६०,००० रुपये वीस वर्षं वाढतात आणि शेवटच्या रकमेत त्यांचा वाटा होतो ६.१९ लाख. दहाव्या वर्षी टाकलेले तेवढेच ६०,००० शेवटी २.११ लाख होतात. आणि विसाव्या वर्षीचे ६०,००० होतात फक्त ६४ हजार, कारण त्यांना वाढायला वेळच मिळाला नाही. संत्र्याच्या बागेसारखं आहे हे, पहिल्या वर्षी लावलेली झाडं केव्हाचीच फळावर आलेली असतात आणि शेवटच्या वर्षी लावलेली रोपं अजून गुडघ्याएवढीच. त्यामुळे साध्या एसआयपीत ४९.९६ लाखांपैकी ३८ लाखांच्या वर हे पहिल्या दहा वर्षांच्या हप्त्यांतून आलेले असतात, नंतरची दहा वर्षं आपण तितकेच पैसे टाकतो पण त्यांचा वाटा पावभरापेक्षाही कमी.

स्टेप-अपमध्ये काय होतं बघा. पहिल्या वर्षाचा वाटा तोच, ६.१९ लाख. पण दहाव्या वर्षाचा होतो ४.९८ लाख आणि विसाव्या वर्षाचा ३.९२ लाख. म्हणजे सगळी वर्षं जवळजवळ सारखीच कामाला लागली! याचं कारण सोपं आहे, एक वर्ष उशिरा टाकलेल्या पैशाला एका वर्षाची वाढ मिळत नाही, म्हणजे साधारण साडेबारा टक्क्यांचं नुकसान (महिन्याला १ टक्का चक्रवाढीने वर्षाला १२.६८ टक्के पडतो), पण तो पैसा आधीच्या वर्षापेक्षा दहा टक्क्यांनी जास्त असतो, त्यामुळे ते नुकसान बरंचसं भरून निघतं. हप्त्याची वाढ आणि परतावा अगदी सारखे असते तर विसाही वर्षांचा वाटा तंतोतंत एकसारखा आला असता. भाच्याला हे पटकन समजलं, म्हणाला, "म्हणजे वेळ कमी पडून राहिला तो पैशाने भरून काढायचा." हो, तेच.

यातून अजून एक गोष्ट निघते. परतावा १२ ऐवजी ८ टक्केच मिळाला असं धरा. साधी एसआयपी घसरते २९.६५ लाखांवर, आणि स्टेप-अप येते ६६.३७ लाखांवर. म्हणजे १२ टक्क्याला स्टेप-अप साधीच्या दुप्पट होती, ८ टक्क्याला ती दुपटीच्याही वर गेली. परतावा जितका कमी तितका आपण स्वतः टाकलेल्या पैशाचा भाग मोठा, आणि बाजार किती देईल हे आपल्या हातात नसतं पण हप्ता किती वाढवायचा हे असतं.

महागाईचं पण एकदा बघून घेऊ, कारण त्याशिवाय हे सगळे आकडे हवेतले आहेत. रिझर्व्ह बँकेचं महागाईचं लक्ष्य ४ टक्के, वर खाली २ टक्क्यांची मुभा, म्हणून मी वरची कड, ६ टक्के धरतो. वीस वर्षांत किमती ३.२ पट होतात. म्हणजे ते ९९.४४ लाख आजच्या पैशात साधारण ३१ लाख, आणि साधे ४९.९६ लाख म्हणजे आजचे साडेपंधरा लाख. आणि हप्त्याचं बघा, वीस वर्षं ५,००० च भरत राहिलं तर विसाव्या वर्षी त्या ५,००० ची किंमत आजच्या १,६५० रुपयांएवढी उरते. मला तर हेच जास्त खटकतं, आपण समजतो हप्ता स्थिर आहे पण खरं तर तो दरवर्षी थोडा थोडा कमीच होत असतो. आणि ते ३०,५८० ऐकून पोटात गोळा येतो ना, ते आजच्या पैशात फक्त १०,१०० च्या आसपास आहेत. दहा टक्के स्टेप-अप म्हणजे वीस वर्षांत आपली खरी बचत दुप्पट करणं, सहापट नाही. अट एकच, की पगार तेवढा वाढला पाहिजे, पगार ६ टक्क्याने आणि हप्ता १० टक्क्याने अशी जोडी वीस वर्षं टिकत नाही.

भाच्याने मग खरा अडचणीचा प्रश्न विचारला. "पण मामा, लग्न, घर, पोरांच्या शाळेच्या फिया, मध्येच वाढवणं बंद झालं तर सगळं वायाच गेलं ना?"

नाही गेलं. आम्ही दोन माणसं धरली. पहिला दहाव्या वर्षापर्यंत हप्ता वाढवत गेला आणि मग ११,७९० वर थांबला, पुढची दहा वर्षं तेवढाच भरत राहिला. त्याचे शेवटी होतात ८३ लाख. दुसऱ्याने "आत्ता पगार कमी आहे, नंतर वाढवू" म्हणून पहिली दहा वर्षं पाच हजारच भरले आणि अकराव्या वर्षापासून दहा दहा टक्के वाढवायला लागला. त्याचे होतात ५७ लाख. पहिल्याचे खिशातून एकूण सात लाखच जास्त गेले पण शेवटी २६ लाख जास्त आले. म्हणून मी त्याला म्हटलं की जबाबदाऱ्या यायच्या आधीची जी वर्षं आहेत तीच वाढवायची, पुढे थांबलास तरी चालेल. यात एक गोष्ट फसवी आहे, की पाचव्या वर्षाच्या शेवटी साधी आणि स्टेप-अप यांच्यात फरक असतो जेमतेम ८० हजारांचा, दहाव्या वर्षी सव्वापाच लाखांचा. तेव्हा बघणाऱ्याला वाटतं की एवढं ओढून काही फार होऊन नाही राहिलं, आणि नेमकं तिथेच लोक सोडतात.

राहिला फॉर्म. तिथे दोन ठिकाणी पाय अडकतो.

एक म्हणजे वाढ टक्क्यात भरायची की रुपयात. कित्येक ठिकाणी दोन्ही पर्याय असतात, आणि पाच हजाराचे दहा टक्के म्हणजे पाचशेच, म्हणून माणूस "५०० रुपये" निवडतो. पहिल्या वर्षी काहीच फरक पडत नाही. पण टक्के असतील तर वाढीवर वाढ होते, रुपये असतील तर दरवर्षी पाचशेच, विसाव्या वर्षी हप्ता ३०,५८० ऐवजी १४,५०० असतो आणि शेवटची रक्कम ९९.४४ ऐवजी ७९ लाखांच्या आसपास. ज्याचा पगार फार वाढत नाही त्याला रुपयातलीच वाढ बरी, पण ती समजून निवडलेली पाहिजे, चुकून नाही.

दुसरं म्हणजे बँकेचं मँडेट. हप्ता खात्यातून आपोआप कापायला आपण बँकेला जी परवानगी देतो तिच्यात कमाल रक्कम लिहिलेली असते. भाच्याने १०,००० लिहिली होती, पाच हजाराच्या हप्त्याला दुप्पट, त्याला वाटलं भरपूर आहे. आठव्या वर्षी हप्ता असतो ९,७४४, तोवर काही कळणारच नाही. नवव्या वर्षी तो १०,७१८ होतो आणि हप्ता कापलाच जात नाही. आणि महिन्याच्या एसआयपीचे सलग तीन हप्ते असे फेल गेले की ती एसआयपीच रद्द होते. आठ वर्षांपूर्वी भरलेला फॉर्म कोणाला आठवतो, मोबाईलवर मेसेज येतो आणि तो बाकीच्या मेसेजमध्ये हरवतो. म्हणून मर्यादा सुरुवातीलाच शेवटचा हप्ता धरून लिहायची, त्याच्या केसमध्ये ३५,०००. मर्यादा मोठी लिहिली म्हणून जास्त पैसे कापले जात नाहीत, कापला जातो हप्त्याएवढाच.

आणि वाढ कोणत्या महिन्यात होते हे त्याने आपणहून विचारलं तेव्हा मला बरं वाटलं. साधारणपणे एसआयपी ज्या महिन्यात सुरू केली त्याच महिन्यात दर वर्षी हप्ता वाढतो. त्याचं इन्क्रीमेंट एप्रिलचं, पण वाढीव पगार प्रत्यक्ष हातात येतो मे अखेरीला. म्हणून आम्ही पहिला हप्ता जूनच्या ५ तारखेचा टाकला, टक्के दहा, मँडेट पस्तीस हजाराचं. पोहे तोवर थंड झाले होते, बायकोने तर्री परत गरम करून दिली.