करारात नाव आहे, सही नाही: त्रयस्थाला दावा का लावता येत नाही

१८७२ चा भारतीय करार कायदा पहिल्या कलमापासून शेवटच्या कलमापर्यंत चाळला, तरी 'कराराचा पक्षकार नसलेल्याला त्या करारावर दावा लावता येणार नाही' असे वाक्य त्यात कुठेच सापडत नाही. तरीही आपल्याकडची न्यायालये हा नियम शंभराहून अधिक वर्षे पाळत आली आहेत. वकिलांच्या बोलण्यात तो 'प्रिव्हिटी ऑफ कॉन्ट्रॅक्ट' या नावाने येतो. कायद्यात न लिहिलेला हा नियम इथे आला कसा आणि टिकला कसा, हे पाहिल्याशिवाय त्याचे अपवादही नीट कळत नाहीत, कारण बहुतेक अपवाद आपल्याच घरगुती व्यवहारांतून निघालेले आहेत.

नियमाचा उगम इंग्लंडमधला. तिथेही तो सुरुवातीपासून पक्का नव्हता. सतराव्या शतकात 'डटन विरुद्ध पूल' या खटल्यात एका मुलीला आपल्या भावाविरुद्ध दावा जिंकता आला होता. मुलीला पैसे देता यावेत म्हणून वडील झाडे तोडून विकणार होते. थोरल्या मुलाने त्यांना थांबवले आणि बहिणीला हजार पौंड आपण देऊ, असे वडिलांना वचन दिले. वचन बापलेकातले असूनही न्यायालयाने बहिणीचा दावा मान्य केला.

१८६१ च्या 'ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन' या निकालाने हे दार बंद केले. जोडप्याचे लग्न झाल्यावर मुलाचे वडील आणि मुलीचे वडील यांनी आपसांत लेखी करार केला. मुलीच्या वडिलांनी जावयाला २०० पौंड आणि मुलाच्या वडिलांनी १०० पौंड द्यायचे, असे ठरले. रक्कम मिळाली नाही तर जावयाला कोर्टात जाण्याचा पूर्ण अधिकार राहील, हेही करारात स्पष्ट लिहिले होते. सासरे पैसे न देताच वारले आणि जावयाने त्यांच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकावर दावा लावला. तो फेटाळला गेला. न्यायाधीशांचे म्हणणे असे की जावयाने या कराराच्या बदल्यात स्वतःकडून काहीच दिलेले नाही. ज्याने प्रतिफल दिले नाही त्याला वचनाची अंमलबजावणी मागता येत नाही, मग ते वचन त्याच्याच भल्यासाठी का असेना. दोन्ही बापांनी लिहून दिलेला दाव्याचा अधिकारही त्याच्या कामी आला नाही.

पुढे १९१५ मध्ये डनलॉप टायर कंपनीच्या खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सने यावर शिक्कामोर्तब केले. तिथे दोन गोष्टी वेगळ्या करून मांडल्या गेल्या: दावा लावणारा कराराचा पक्षकार हवा, आणि प्रतिफलही त्याच्याकडून आलेले हवे.

भारतात गुंतागुंत सुरू होते ती इथे. आपल्या कायद्यातल्या प्रतिफलाच्या व्याख्येत मुळातच लिहिले आहे की प्रतिफल ज्याला वचन दिले त्या वचनग्रहीत्याकडून 'किंवा अन्य कोणाकडून' आले तरी चालते. म्हणजे ट्वेडलच्या निकालाचा पायाच इथे नव्हता. १८८२ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने 'चिन्नया विरुद्ध रामया' या खटल्यात त्याचा उपयोग केला. एका वृद्ध स्त्रीने जमीन मुलीच्या नावे बक्षीस दिली आणि आपल्या भावंडांना दरवर्षी ६५३ रुपये देत जा, असे सांगितले. मुलीने त्याच दिवशी त्यांना तसे लिहूनही दिले, पण पैसे दिले नाहीत. प्रतिफल आईकडून आले असले तरी चालते, असे म्हणून दावा मंजूर झाला.

हा निकाल अनेकदा त्रयस्थाच्या हक्काचे उदाहरण म्हणून सांगितला जातो. मला ते पटत नाही. मुलीने लेख त्या भावंडांनाच लिहून दिला होता, म्हणजे त्या करारात तेच पक्षकार होते. त्यांच्याकडे फक्त स्वतः दिलेले प्रतिफल नव्हते. करारातच नसलेल्या माणसाचे काय, हा प्रश्न तसाच शिल्लक राहिला.

तो लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे तेव्हाच्या भारतासाठी शेवटच्या अपिलाच्या न्यायालयापुढे, लागोपाठ दोनदा गेला आणि दोन्ही वेळा उत्तर वेगळे आले. हे दोन निकाल शेजारी ठेवून वाचले की या विषयाचा गाभा हाती लागतो.

पहिला १९१० चा, हुसेनी बेगमचा. २५ ऑक्टोबर १८७७ रोजी तिच्या वडिलांनी आणि होणाऱ्या सासऱ्यांनी, ख्वाजा मुहम्मद खान यांनी, करार केला. मुलगा आणि मुलगी दोघेही अल्पवयीन होते. सासऱ्यांनी लिहून दिले की सुनेला 'खर्च-इ-पानदान' म्हणून दरमहा ५०० रुपये कायम मिळतील. पानदानाचा खर्च म्हणजे तिला स्वतःच्या मर्जीने खर्चायला मिळणारी रक्कम. त्या घराण्यांत तशी रीत होती. नुसते वचन देऊन ते थांबले नाहीत. कोणत्या स्थावर मालमत्तेच्या उत्पन्नातून ही रक्कम द्यायची ते नावानिशी लिहिले आणि सुनेला त्यातून वसुलीचा अधिकारही दिला. लग्न झाले, पुढे पतीपत्नीचे पटेना, १८९६ मध्ये ती घर सोडून गेली. थकलेल्या रकमेसाठी तिने दावा लावला, तेव्हा सासऱ्यांच्या बाजूने ट्वेडलचाच निकाल पुढे करण्यात आला: ही करारात कुठे होती?

प्रिव्ही कौन्सिलच्या वतीने निकाल दिला सय्यद अमीर अली यांनी. त्या मंडळावर बसलेले ते पहिले भारतीय. त्यांनी सांगितले की ट्वेडलचा नियम इंग्लंडच्या एका विशिष्ट प्रकारच्या दाव्यातून आलेला आहे आणि या प्रकरणाला तो लागू होत नाही. मालमत्तेवर विशिष्ट बोजा ठेवलेला आहे आणि त्याचा लाभ घेणारी हीच एक व्यक्ती आहे, तेव्हा समन्यायाच्या तत्त्वाने तिला आपला हक्क मागता येतो. पुढे त्यांनी भारतातली वस्तुस्थितीही नोंदवली. अल्पवयीन मुलामुलींची लग्ने इथे आईवडील ठरवतात, अटीही तेच घालतात. अशा करारांना इंग्लंडचा नियम लावला तर मोठा अन्याय होईल.

दुसऱ्याच वर्षी, १९११ मध्ये, 'जमना दास विरुद्ध राम अवतार पांडे' हे प्रकरण आले. गहाण असलेली मालमत्ता विकली गेली. विकणाऱ्याने किमतीचा काही भाग खरेदीदाराकडेच ठेवला आणि त्यातून गहाणाचे कर्ज फेडा, असे सांगितले. खरेदीदाराने फेडले नाही. ज्याच्याकडे मालमत्ता गहाण होती त्या गहाणदाराने खरेदीदारावर व्यक्तिशः वसुलीचा दावा केला. लॉर्ड मॅकनॉटन यांनी तो थोडक्यात निकाली काढला: गहाणदार विक्रीच्या व्यवहारात नव्हता, खरेदीदाराने त्याच्याशी कसलाही करार केलेला नाही, त्यामुळे कर्ज फेडायला खरेदीदार व्यक्तिशः बांधील नाही.

या दोहोंतला फरक नात्यागोत्याचा वाटतो, आणि काही प्रमाणात तो आहेही. पण खरा फरक कागदात आहे. बेगमच्या करारात रक्कम तिच्यासाठी ठरवली होती आणि ती कुठून द्यायची ते बांधून दिले होते. गहाणदाराच्या बाबतीत पैसे खरेदीदाराकडे ठेवले गेले ते विकणाऱ्याच्या सोयीसाठी. गहाणदाराचा फायदा होणार होता, पण व्यवहार त्याच्यासाठी केलेला नव्हता. एखाद्याला करारातून लाभ होणे वेगळे आणि करार त्याच्या लाभासाठी, त्याला हक्क देऊन केलेला असणे वेगळे.

ही रेघ सर्वोच्च न्यायालयाने १९६९ मध्ये 'एम. सी. चाको' प्रकरणात आणखी ठळक केली. केरळातल्या कोट्टायमच्या एका बँकेने दुसऱ्या छोट्या बँकेला कर्ज दिले होते. छोट्या बँकेचे व्यवस्थापक चाको, आणि कर्जाला हमी त्यांच्या वडिलांची. १९५१ मध्ये वडिलांनी आपली मालमत्ता कुटुंबात वाटून देणारा दस्त केला. त्यात लिहिले की या कर्जाची वसुली आली, तर ती या मुलाने आपल्या वाट्याच्या मालमत्तेतून भागवावी. बँकेने दावा लावला तोवर हमीपत्रावरची मुदत उलटली होती. म्हणून बँकेने या दस्तावर बोट ठेवले: बघा, इथे आमच्यासाठी बोजा ठेवला आहे.

न्यायालयाने नियम आणि अपवाद दोन्ही मान्य केले. त्रयस्थाला दावा लावता येत नाही. मात्र त्याच्या लाभासाठी न्यास निर्माण केला असेल, किंवा कौटुंबिक व्यवस्थेत त्याची तरतूद केली असेल, तर येतो. पण दस्त वाचून न्यायालय म्हणाले की त्यात बँकेला काही द्यायचा हेतूच नाही. वडिलांना एवढेच ठरवायचे होते की कर्जाचा भार घरातल्या कोणी सोसावा, म्हणजे बाकीच्या भावंडांना आणि आईला झळ लागू नये. ती घरातली आपसातली सोय होती. बँक हरली. मालमत्तेचा आणि कर्जाचा उल्लेख एकाच वाक्यात आला म्हणून बोजा तयार होत नाही, हे या निकालातून शिकावे.

आणखी एक अपवाद देणेकऱ्याच्या स्वतःच्या वागण्यातून निघतो. १९५२ च्या म्हैसूरमधल्या एका प्रकरणात घराच्या किमतीतली काही रक्कम जमना दासच्या प्रकरणासारखीच खरेदीदाराकडे सावकारासाठी ठेवली होती. फरक असा की खरेदीदाराने सावकाराला थोडे पैसे दिले, ते त्या ठेवलेल्या रकमेतले आहेत असे सांगितले आणि उरलेले लवकरच पाठवतो, असेही कळवले. आपण देणे लागतो हे त्याने थेट सावकारापुढे कबूल केले, तिथे दोघांत नाते तयार झाले. दावा मंजूर झाला. म्हणून अशा भांडणात जुनी पत्रे, पावत्या आणि हल्ली मोबाइलवरचे संदेश आधी शोधावेत. मूळ करारात जे नाही ते त्यांत सापडू शकते.

विमा आणि एजंटमार्फत केलेले व्यवहार यांचे मार्ग वेगळे आहेत. अपघातात जखमी झालेल्याला गाडीमालकाच्या विमा कंपनीकडून भरपाई मिळते ती मोटार वाहन कायद्याने तसे ठरवून दिले आहे म्हणून, करार कायद्यामुळे नव्हे.

नियमच बदलावा असा प्रयत्नही झाला. १९५८ मध्ये विधी आयोगाने आपल्या तेराव्या अहवालात सुचवले की करारात त्रयस्थाला थेट लाभ देण्याचे स्पष्ट लिहिले असेल तर त्याला दावा लावू द्यावा, आणि त्यासाठी ३७-अ हे नवे कलम घालावे. ते कलम आलेच नाही. इंग्लंडने मात्र १९९९ मध्ये साधारण असाच कायदा करून ट्वेडलच्या जावयावरचा अन्याय दूर केला. ज्यांच्याकडून नियम उसना घेतला त्यांनी तो मोडला आणि आपण अजून सांभाळतो आहोत.

मुंबईत याची झळ लागते ती पुनर्विकासात. सोसायटीचा करार विकासकाशी असतो, आणि विकासकाचा करार त्याच्याकडून विक्रीचे फ्लॅट घेणाऱ्यांशी. विकासकाने काम रखडवले आणि सोसायटीने त्याचा करार रद्द केला, तर त्याच्याकडून फ्लॅट घेतलेल्यांना सोसायटीकडे फ्लॅट मागता येतो का? अंधेरीच्या न्यू डी. एन. नगर सोसायटीच्या प्रकरणात २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने नाही असे सांगितले: त्यांचा करार विकासकाशी, सोसायटीशी नव्हे. पैसे गेले असतील तर ते विकासकाकडून वसूल करायचे. अशा ठिकाणी फ्लॅट घेताना किंमत आणि चौरस फुटांच्या आधी साठेखताचे पहिले आणि शेवटचे पान पाहावे. पक्षकार म्हणून कोणाकोणाची नावे आहेत, सोसायटीने त्यावर सही केली आहे का, आणि विकासकाचा करार रद्द झाला तर खरेदीदारांचे काय, याबद्दल सोसायटीने स्वतः काही लिहून दिले आहे का, ते तिथेच कळते.