तात्पुरती म्हणून आलेली स्किप लिंक अजून का टिकून आहे

आपल्या सरकारी वेबसाइटवर सगळ्यात वर बारीक अक्षरात 'मुख्य मजकुराकडे जा' अशी स्किप लिंक असते बघा, माऊसवाल्यांचं तिकडे लक्षही जात नाही. ही खरं तर तात्पुरती सोय होती. अपंगांनाही वेबसाइट वापरता याव्यात म्हणून केलेल्या 1999 च्या WCAG 1.0 या नियमावलीत लिहिलं होतं की ब्राउझर स्वतः सोय देईपर्यंत लिंकांचा गठ्ठा ओलांडायचा रस्ता तुम्ही द्या. मग डिसेंबर 2000 मध्ये अमेरिकेच्या सेक्शन 508 या अपंगांसाठीच्या कायद्याच्या नियमांनी तिथल्या केंद्र सरकारच्या साइट्सना ते बंधनकारकच केलं.

तेव्हा पेज टेबलांवर उभं असायचं, डावीकडे तीस-चाळीस लिंकांचा मेनू, आणि माऊस न वापरणाऱ्याला दर नव्या पेजवर तितक्या वेळा टॅब की दाबल्याशिवाय बातमीपर्यंत पोचता येत नसे. पण डिझायनरला ती लिंक डोळ्यांना खुपायची, म्हणून एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र टाकायचं आणि त्याच्या alt मध्ये, म्हणजे चित्राऐवजी वाचायच्या जागी, मजकूर लिहायचा. अंधांना पेज वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर ते वाचायचा, पण ज्याला दिसतं आणि माऊस धरता येत नाही त्याचा फोकस, म्हणजे टॅब कुठे पोचला ते दाखवणारी खूण, एका टॅबपुरता गायबच. मलम लावलं पण भलत्याच जागी!

दुसरी भानगड ब्राउझरची. लिंकवर एंटर मारला की पेज खाली सरकायचं पण फोकस वरच राहायचा, म्हणजे पुढचा टॅब परत मेनूत. आजही तपासायचं तर हेच करा, एंटर मारून लगेच एक टॅब दाबा आणि फोकस कुठे जातो ते बघा. क्रोममध्ये हे 2016 च्या सुमारास सुधारलं, तोवर लोक `tabindex="-1"` लावून मुख्य भागाला फोकस घेता येईल असं करायचे आणि बरेच जण अजून करतात:

```html
<a href="#main">मुख्य मजकुराकडे जा</a>
<main id="main" tabindex="-1">
```

2014 मध्ये ARIA 1.0 आणि HTML5 ही पेज लिहिण्याची दोन्ही मानकं पक्की झाली, `main`, `nav` असे भाग ब्राउझरला कळायला लागले, आता NVDA या स्क्रीन रीडरमध्ये D दाबला की असा पुढचा भाग म्हणजे लँडमार्क, H दाबला की पुढचं हेडिंग. हेडिंगच्या बाबतीत मात्र HTML5 ने घोळ घातला. सगळीकडे `h1` हे पहिल्या पातळीचं हेडिंग वापरा, `section` किती आत आहे त्यावरून पातळी ब्राउझर काढेल, असं सांगितलं, आणि ते ब्राउझरमध्ये कधी नीट उतरलंच नाही. ज्यांनी विश्वास ठेवला त्यांच्या पेजवर ऐकणाऱ्याला नुसतं 'लेव्हल 1, लेव्हल 1', मुख्य विषय कुठला आणि पोटविषय कुठला काही पत्ता नाही. 2022 मध्ये तो भाग स्पेसिफिकेशनमधून काढून टाकला, म्हणजे `h2` खाली `h3` हा जुना हिशेब हातानेच ठेवायचा.

पण H आणि D या कीज स्क्रीन रीडरच्या आहेत, ब्राउझरच्या नाहीत. हात थरथरतो म्हणून नुसत्या कीबोर्डवर काम करणाऱ्या, डोळे ठणठणीत असलेल्या माणसाकडे टॅबच आहे, आणि 1999 मधलं ते 'ब्राउझर सोय देईपर्यंत' त्याच्यासाठी अजून संपलेलं नाही.