आभाराचं भाषण आणि श्रेयनामावली

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी आभार मानणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातात एक कागद येतो. त्यावर समित्यांप्रमाणे नावं लिहिलेली असतात आणि कागद देणारा बजावून जातो, "यातलं एकही राहू देऊ नकोस." गडबड इथूनच सुरू होते. हातात आलेली आहे श्रेयनामावली, आणि दुसऱ्या दिवशी माईकवर करायचं आहे आभाराचं भाषण. दोन्हींत नावं असतात, दोन्हींत कृतज्ञता असते, म्हणून पहिली वाचून दाखवली की दुसरं आपोआप झालं असं वाटतं. तसं होत नाही.

नामावली वाचणाऱ्याला शब्द देते की काम केलेला प्रत्येक जण यात आहे. म्हणून तिच्यात एक नाव सुटलं तरी ती चूकच असते, आणि माणसं नामावलीत आधी स्वतःचं नाव शोधतात यात गैर काहीच नाही. भाषण असा शब्द देत नाही. ऐकणाऱ्याला त्यातून एवढंच कळायला हवं, की हा कार्यक्रम कोणाच्या कोणत्या कष्टांमुळे उभा राहिला, आणि बोलणाऱ्याने ते कष्ट पाहिलेत. नामावली पूर्ण असावी लागते, भाषण नेमकं असावं लागतं.

सगळ्यात वाईट अवस्था या दोन्हींच्या मधली. कागदावरच्या चाळीसपैकी तीस नावं वाचली, तर सभागृहाच्या कानांना ती नामावलीच वाटते, आणि राहिलेल्या दहा जणांना आपण वगळले गेलो असं स्पष्ट दिसतं. याउलट सहाच नावं, प्रत्येकाच्या कामासह घेतली, तर सातव्याला तसा सल राहत नाही, कारण यादी चालूच झालेली नसते. "अनवधानाने कोणाचं नाव राहिलं असल्यास क्षमस्व" हे वाक्य याच मधल्या अवस्थेतून जन्माला येतं. यादी पुरी करायचा आव आणला आणि ती पुरी झाली नाही, अशी ती कबुली असते. यादीच वाचली नाही तर क्षमा मागायचं कारण उरत नाही.

वेळेचा हिशोबही पाहा. पद, मानवाचक आणि नाव मिळून एका उल्लेखाला सहज चार सेकंद लागतात. चाळीस उल्लेखांना अडीच मिनिटांहून जास्त, आणि त्यात अजून एकही खरं वाक्य आलेलं नाही. आभारप्रदर्शन बहुतेक वेळा अध्यक्षीय भाषणानंतर येतं. तोवर सभागृह खुर्च्या सरकवायला लागलेलं असतं. त्या घडीला दोन मिनिटं मिळतात, फार तर अडीच. सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात, म्हणजे कागदावर दोन-अडीचशे शब्द पुरेत.

मग नाव कोणाचं घ्यायचं? मी एक कसोटी वापरते. ज्याच्या नावापुढे "यांनी अमुक केलं" असं, दुसऱ्या कोणाला लागू न पडणारं वाक्य येतं, त्याचं नाव माईकवर. ज्याच्यापुढे "यांचं मोलाचं सहकार्य लाभलं" एवढंच सुचतं, त्याचं नाव कागदावर. याचा अर्थ त्याचं काम कमी असा नाही, तुम्हाला त्याच्या कामाचा तपशील ठाऊक नाही एवढाच. तो मिळवायचा असेल तर समितीप्रमुखांना विचारा: तुमच्या समितीत कोणी अडचण सोडवली? या प्रश्नाला जी उत्तरं मिळतात, त्यांतच भाषण असतं.

एक धोका मात्र सांभाळायला हवा. एकाच गटातल्या दोघांची नावं घेऊन तिसऱ्याला "आणि इतर"मध्ये ढकलू नये. ध्वनिव्यवस्था तिघांनी पाहिली असेल तर तिघांची नावं घ्या, नाहीतर "ध्वनिव्यवस्था सांभाळणारी आमची मुलं" म्हणा आणि त्यांनी काय केलं ते सांगा. "इतर" हा शब्द नामावलीतही खटकतो, माईकवर तर तो थेट बोचतो. याला एक अपवाद आहे. संयोजक प्राध्यापकांसारखी गटाची जबाबदारी ज्यांच्यावर सोपवलेली असते, त्यांचं नाव गटाच्या वतीने घेता येतं. त्यांचं नाव घेतल्याने बाकीच्यांना वगळल्यासारखं वाटत नाही.

आता हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते पाहू. समजा, कागदावर त्रेचाळीस नावं आहेत: मंचावरचे दोघे, संयोजक प्राध्यापक, सहा समित्यांची मुलं, कार्यालयातले आणि प्रयोगशाळेतले कर्मचारी, आणि पारितोषिकांचा खर्च उचलणारे एक माजी विद्यार्थी. चौकशी केल्यावर कळलं की रंगीत तालमीच्या रात्री ध्वनिव्यवस्थेचा मिक्सर बंद पडला होता आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतल्या सहायकांनी रात्री थांबून तो दुरुस्त केला. सभागृहात हे कोणालाच माहीत नाही. त्यावरून भाषण असं होईल:

"आदरणीय व्यासपीठ आणि मित्रमैत्रिणींनो, आजच्या प्रमुख पाहुण्या (नाव) यांनी लेखी भाषण बाजूला ठेवून आमच्या प्रश्नांना उत्तरं दिली. मॅडम, आमच्याशी मोकळेपणाने बोलल्याबद्दल तुमचे मनापासून आभार. अध्यक्षस्थानी असलेले आमचे प्राचार्य (नाव) सर यांनी तालमींसाठी सभागृह संध्याकाळी उशिरापर्यंत खुलं ठेवायची परवानगी दिली. सर, त्याशिवाय आजचं समूहनृत्य बसलंच नसतं. पारितोषिकांचा भार आमचे माजी विद्यार्थी (नाव) यांनी उचलला, त्यांचे आभार. सांस्कृतिक विभागाच्या (नाव) मॅडम प्रत्येक तालमीला हजर होत्या आणि आमचे सगळे वाद त्यांनी मंचावर येण्याआधीच मिटवले. परवा रात्री आपला मिक्सर बंद पडला होता. तुम्हाला आज आवाज नीट ऐकू आला, तो प्रयोगशाळेतल्या (नाव) काकांमुळे. ते घरी न जाता दुरुस्तीला बसले होते. सहाही समित्यांतल्या मुलामुलींनो, मंच, प्रकाश, स्वागत, शिस्त, पारितोषिकं आणि हिशोब तुम्ही सांभाळलेत. तुम्हा प्रत्येकाचं नाव प्रवेशद्वाराजवळच्या फलकावर लावलं आहे, जाताना सगळ्यांनी ते जरूर वाचावं. कार्यालयातल्या आणि सभागृह सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचे, आणि शेवटपर्यंत बसून टाळ्या देणाऱ्या तुम्हा सर्वांचे आभार मानून मी थांबते."

पाच नावं, आणि वेळ सावकाश बोललं तरी दीड मिनिटाच्या आसपास. क्रम बाहेरून आत येणारा आहे: आधी पाहुणे, मग अध्यक्ष, मग मदत करणारे, मग घरची माणसं, शेवटी समोर बसलेले. या क्रमाला कारण आहे. पाहुण्यांची निघायची घाई असते आणि त्यांच्या देखत आभार मानणं सगळ्यांत महत्त्वाचं. पाहुणे आधीच निघून गेले असतील तर रिकाम्या खुर्चीकडे पाहून "तुमचे" म्हणू नका. तेवढ्या वाक्यापुरतं "त्यांचे" करा. पाहुण्यांबद्दलचं वाक्य आदल्या दिवशी लिहून ठेवता येत नाही, त्यांचं भाषण ऐकताना त्यातली एखादी गोष्ट टिपून घ्यावी लागते. कागदावर त्या ओळीची जागा कोरी सोडा.

माजी विद्यार्थ्याचा उल्लेख कसोटीच्या बाहेरही करावा लागतो. पैसा देणाऱ्यांपैकी कोणाचं नाव मंचावरून घ्यायचं कबूल केलं आहे, हे खजिनदाराला आधी विचारा. कबूल केलेलं नाव घ्यायलाच हवं, मग त्याच्याबद्दल सांगण्यासारखं काही असो वा नसो. फक्त त्याला विशेषणांची माळ घालू नका, एक वाक्य पुरतं.

ठरावीक वाक्यांबद्दलही बोलायला हवं. "आभार न मानता त्यांच्या ऋणात राहणं पसंत करेन" हे एकदा कोणीतरी म्हटलं तेव्हा छान वाटलं असेल. आता ते पाहुण्यांना, प्राचार्यांना आणि मंडपवाल्यांनाही सारखंच लावलं जातं. "ज्ञात-अज्ञात हात" याचंही तेच. हात अज्ञात नसतात, आपण विचारलेलं नसतं. "शब्द अपुरे पडतात" म्हणणाऱ्याचे शब्द सहसा बरेच पुरतात.

नामावली मात्र हलगर्जीपणाने करू नये. भाषणातून वगळलेल्या अडतीस जणांना तुम्ही "तुमचं नाव फलकावर आहे" असं जाहीर सांगणार आहात. ते तिथे नसेल तर भाषणातलं ते वाक्य खोटं ठरतं. प्रत्येक समितीप्रमुखाकडून आपल्या गटाची यादी तपासून सही घ्या. नावं त्या-त्या व्यक्ती जशी लिहितात तशी लिहा. गटाच्या आत आडनावांचा वर्णक्रम ठेवा, म्हणजे वर-खाली असा मान उरत नाही. भाषणात ज्यांचं नाव घेतलं त्यांनाही नामावलीत घाला, नाहीतर ती अपुरी राहते. विशेषणं इथे नकोतच, काम आणि नाव एवढंच. जागा कोणतीही चालेल: कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू, दाराजवळचा फलक, किंवा लोक उठायला लागले की मंचावरच्या पडद्यावर सरकणारी यादी. पत्रिका आठवडाभर आधी छापखान्यात जाते आणि माणसं शेवटच्या दोन दिवसांत वाढतात, म्हणून मला फलक बरा वाटतो.

फलकाचा उपयोग आणखी एका वेळी होतो. तुम्ही माईककडे निघालात की कोणीतरी हातात चिठ्ठी कोंबतं, "यांचंही नाव घे." चिठ्ठीवर नाव असतं, काम नसतं, आणि तिथे उभ्याने ते विचारायलाही वेळ नसतो. पैसे देणाऱ्याचं कबूल केलेलं नाव निघालं तर त्याच्या ओळीत ते जोडा. बाकी कोणाचंही असेल तर चिठ्ठी फलकाजवळ उभ्या असलेल्या मुलाकडे पाठवा. त्याच्या हातात मार्कर दिलेला असला म्हणजे लोक बाहेर पडायच्या आत ते नाव आपल्या समितीखाली लिहून होतं.